वीस हजारांचे कवच आणि चार बारीक ओळी

(मंडळाच्या हळर्ण येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. काही सभासदांनी आग्रह केल्यामुळे तो येथे छापत आहोत.)



मी काही वक्ता नव्हे. बँकेत लिपिक म्हणून काम करते. शिक्षण वाणिज्य शाखेचे. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी सांगितले की, तुमच्या फोनच्या विम्याची गोष्ट तुम्ही आम्हाला चहा पिताना सांगितली होती, तीच सभेत सांगा. म्हणून उभी राहिले आहे. विषय लहान वाटेल. पण आपल्या भागात चवथीच्या आधी म्हापशाच्या बाजारात जाऊन फोन, फ्रिज, वॉशिंग मशीन घेणारी जेवढी घरे आहेत, तेवढ्या घरांत हा विषय बिलाच्या शेवटच्या ओळीत बसलेला असतो.

दुकानात काय होते ते तुम्हाला माहीत आहे. फोन पसंत पडतो, भाव ठरतो, आणि बिल फाडताना काउंटरवरचा मुलगा विचारतो, "प्रोटेक्शन प्लॅन घालू ना? पडला, फुटला, पाण्यात गेला, सगळे कव्हर." आपण विचारतो, "किती?" तो सांगतो, "दिवसाला पाच रुपये पडतात." दिवसाचे पाच रुपये कोण नाकारणार? आपण मान हलवतो. त्या मान हलवण्यातून जो करार झाला, त्याच्या चार ओळी आपण वाचलेल्या नसतात. क्लेम किती वेळा करता येईल, प्रत्येक क्लेमला आपल्या खिशातून किती जाणार, कोणते नुकसान वगळले आहे आणि संरक्षण कोणत्या तारखेपासून चालू होणार. आज मी या चार ओळींवरच बोलणार आहे.

आधी माझा स्वतःचा हिशेब मांडते.

20 ऑगस्ट 2023, रविवार. मुलगी कॉलेजला जाऊ लागली म्हणून तिला 24,000 रुपयांचा फोन घेतला. त्यावर एक वर्षाचा प्लॅन घेतला, 1,899 रुपयांचा. दुकानाचे आणि कंपनीचे नाव मी घेणार नाही, कारण पुढे जे झाले त्यात चूक माझीच होती. प्लॅनच्या कागदावर अटी अशा होत्या. वर्षात दोन क्लेम. प्रत्येक क्लेमला फोनच्या बिलाच्या 5 टक्के शुल्क आपण भरायचे, त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 1,200 अधिक 216, एकूण 1,416 रुपये. आणि एका क्लेममध्ये जास्तीत जास्त किती मिळणार, तर पहिले सहा महिने बिलाच्या 80 टक्के, नऊ महिन्यांपर्यंत 60 टक्के, त्यानंतर 50 टक्के.

जानेवारी 2024 मध्ये फोन पायरीवर पडला आणि मागचे कव्हर तडकले. दुरुस्तीचे बिल 1,900. मी म्हटले, पैसे भरलेत ना, मग करूया क्लेम. क्लेम मंजूर झाला. शुल्क म्हणून 1,416 भरले. म्हणजे मला फायदा झाला 484 रुपयांचा. मी खूष.

एप्रिलमध्ये स्क्रीन फुटली. बिल 6,800. पुन्हा क्लेम, पुन्हा 1,416 भरले, फायदा 5,384. मी आणखी खूष. ऑफिसात सगळ्यांना सांगितले की प्लॅन घ्या.

मग आला जुलै. आपला जुलै कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. बस चुकली, मुलगी भिजत आली, बॅगेत पाणी साचले होते आणि त्यात फोन. सर्व्हिस सेंटरने मदरबोर्ड बदलायला 13,500 रुपये सांगितले. फोन अकराव्या महिन्यात होता, म्हणजे 50 टक्क्यांप्रमाणे कंपनीकडून 12,000 पर्यंत मिळाले असते. त्यातून 1,416 वजा करून माझ्या हाती 10,584 आले असते. पण आले शून्य. कारण दोन क्लेम संपले होते.

बंधू-भगिनींनो, मी दिवसभर दुसऱ्यांच्या पैशाचे हिशेब तपासते, आणि घरच्या हिशेबात 484 रुपयांसाठी 10,584 रुपये घालवले. जानेवारीत ते 1,900 मी स्वतः भरले असते आणि गप्प बसले असते, तर जुलैत क्लेम शिल्लक राहिला असता.

यातून पहिली गोष्ट लक्षात घ्या. क्लेमची संख्या म्हणजे तुमच्या हातातील पत्ते. दोन असतील तर दोनच. बारीक नुकसानीवर पत्ता टाकला की मोठ्या नुकसानीच्या वेळी हात रिकामा. मी आता घरात एक नियम केला आहे. दुरुस्तीच्या बिलातून शुल्क वजा करायचे. जे उरेल ते प्लॅनच्या किमतीपेक्षा कमी असेल आणि वर्षाचे बरेच महिने शिल्लक असतील, तर क्लेम करायचा नाही. माझ्या बाबतीत उरत होते 484 आणि प्लॅनची किंमत होती 1,899. हा नियम तेव्हा माहीत असता तर उत्तर समोर होते. वर्षाचा शेवटचा महिना असेल तर मात्र उलट. तेव्हा शिल्लक क्लेम लोणचे घालून ठेवता येत नाहीत, वापरून टाका.

कागदावर आणखी एक बारकावा पाहा. काही प्लॅनमध्ये "दोन क्लेम" म्हणजे कोणतेही दोन. काहींमध्ये स्क्रीनसाठी एक आणि बाकी नुकसानीसाठी एक असे वेगळे खाते असते. आणि काहींमध्ये संख्येची मर्यादाच नसते, पण सगळ्या क्लेमची मिळून बेरीज एका रकमेपलीकडे जाऊ शकत नाही. तिन्ही ठिकाणी दुकानदार तुम्हाला एकच वाक्य सांगतो, "सगळे कव्हर."

आता दुसरी ओळ, शुल्काची. कागदावर तिला कोणी एक्सेस म्हणतो, कोणी डिडक्टिबल, कोणी सर्व्हिस फी, कोणी प्रोसेसिंग चार्ज. नाव काहीही असो, अर्थ एक. प्रत्येक वेळी आपल्या वाट्याला येणारी रक्कम.

याचे एक उदाहरण उघड उघड कंपनीच्या अटींतच पाहायला मिळते. अॅपल कंपनीच्या अॅपलकेअर प्लस या योजनेत पूर्वी अपघाती नुकसानीचे क्लेम मोजके होते, 12 महिन्यांत दोन. सप्टेंबर 2022 मध्ये कंपनीने ती मर्यादा काढून टाकली. कितीही वेळा फोन फुटला तरी चालेल. ऐकायला किती छान! पण शुल्क राहिले. भारतातल्या अटींप्रमाणे आयफोनची स्क्रीन किंवा मागची काच फुटली तर प्रत्येक वेळी 2,500 रुपये, आणि बाकी अपघाती नुकसानीला 8,900 रुपये, वर कर. म्हणजे संख्येचे दार उघडले तरी दारात पहारेकरी उभा आहे. आयफोनची स्क्रीन बदलणे फार महाग असते, म्हणून तिथे 2,500 देणे परवडते. पण 10,000 रुपयांच्या फोनला कोणी त्याच धर्तीवर मोठे शुल्क लावले, तर क्लेम करणे आणि स्वखर्चाने दुरुस्त करणे यांत फरकच उरणार नाही.

म्हणून प्लॅन घेण्यापूर्वी एक हिशेब करा. दोन मिनिटांचा आहे. दुकानात विचारा, "या फोनची स्क्रीन बदलायला कंपनीत किती पडतात?" तो आकडा लिहा. त्याखाली प्लॅनची किंमत आणि एका क्लेमचे शुल्क यांची बेरीज लिहा. माझ्या फोनला स्क्रीनचे 6,800. प्लॅन 1,899 आणि शुल्क 1,416, मिळून 3,315. वर्षात एकदा स्क्रीन फुटली तर मी 3,485 ने वाचले. फुटलीच नाही तर 1,899 गेले. एका क्लेमला वाचणारे 5,384 आणि दरवर्षी जाणारे 1,899, यांचे प्रमाण काढले तर साधारण तीन वर्षांतून एकदा स्क्रीन फुटत असेल तिथे बरोबरी होते. आपल्या घरात कोण कसे फोन वापरते ते आपल्याला माहीत असते. माझ्या मुलीला प्लॅन हवाच. माझ्या सासूबाईंना नको. त्यांचा फोन देवघराशेजारच्या कोनाड्यातून हलतच नाही.

तिसरी ओळ वगळलेल्या बाबींची. ही सगळ्यात बारीक अक्षरात असते आणि आपल्या पेडणे महालाच्या हवेत हीच सगळ्यात जास्त नडते.

फ्रिजचे उदाहरण घेऊ. नवा फ्रिज घेतला की कंपनीची एक वर्षाची वॉरंटी सगळ्या यंत्रावर असते आणि कॉम्प्रेसरवर बहुधा दहा वर्षांची असते. दुकानदार सांगतो, "आणखी दोन वर्षे वाढवून घ्या." या वाढीव वॉरंटीत काय असते? यंत्राचा आतला बिघाड, म्हणजे वापरता वापरता आपोआप झालेला दोष. आणि काय नसते? वीजदाबातील चढ-उतारामुळे जळालेला भाग. उंदराने कुरतडलेली वायर. गंज. दाराचे रबर, प्लॅस्टिकचे कप्पे, दिवा. कित्येकदा गॅस भरणेसुद्धा नसते.

आता सांगा, आपल्याकडे फ्रिज कशामुळे बिघडतो? पहिल्या वळवाच्या पावसात वीज जाते, येते, परत जाते, आणि येताना एकदम जोरात येते. पॅनेल जळते. मागची वायर उंदीर तोडतो. खालचा पत्रा दमट हवेने गंजतो, आणि मोरजी-हरमलच्या बाजूला खाऱ्या वाऱ्याने तर आणखी लवकर. म्हणजे पैसे भरले एका कारणासाठी आणि फ्रिज बिघडतो दुसऱ्याच कारणाने. कॉम्प्रेसरसाठी म्हणाल, तर तो कंपनीच्याच दहा वर्षांत आहे. त्यासाठी वेगळे पैसे कशाला? मात्र लक्षात ठेवा, कंपनीच्या त्या दहा वर्षांत बहुधा फक्त कॉम्प्रेसर हा भाग फुकट असतो. गॅस, मजुरी, मेकॅनिकची फेरी यांचे बिल येते. एवढाच खर्च प्लॅन भरून देतो का, ते विचारा. देत असेल तर त्याला काही अर्थ आहे. नसेल तर तेच पैसे चांगल्या स्टॅबिलायझरला घाला. आपल्या गावात तो जास्त मोठा विमा आहे.

इथे मेकॅनिकच्या जॉबकार्डाविषयी एक शब्द. मेकॅनिक येतो, पाहतो आणि इंग्रजीत एक ओळ लिहितो. आपण न वाचता सही करतो. "जास्त दाबामुळे बोर्ड जळाला" असे त्यात लिहिले असेल, तर क्लेम तिथेच संपला. मी खोटे लिहून घ्या असे म्हणत नाही. मी म्हणते, त्याने जे पाहिले तेवढेच लिहावे. बोर्ड जळालेला दिसला, हे त्याने पाहिले. तो कशामुळे जळाला, हे त्याने मोजले का? मोजले नसेल तर अंदाज लिहू नये, असे नम्रपणे सांगा. सही करण्याआधी कोणाकडून तरी वाचून घ्या आणि कार्डाचा फोटो काढून ठेवा.

कारण कशाला म्हणायचे, यावर आपल्याच गोव्यातला एक मोठा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जानेवारी 1999 मध्ये झुआरी इंडस्ट्रीजच्या कारखान्यात विजेच्या पॅनेलमध्ये शॉर्ट सर्किट होऊन ज्वाला उठली. त्यामुळे वीजपुरवठा तुटला आणि पुढे बॉयलरचे नुकसान झाले. विमा कंपनीचे म्हणणे असे की, बॉयलरला आग लागलीच नाही, तो पुरवठा तुटल्यामुळे बिघडला, म्हणून आगीच्या विम्यात बसत नाही. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सगळ्या साखळीची सुरुवात त्या आगीने झाली, तेव्हा नुकसानीचे खरे कारण तीच. निकाल कारखान्याच्या बाजूने लागला. आपला फ्रिज म्हणजे काही कारखाना नव्हे, आणि ती पॉलिसीही वेगळी. पण धडा आपल्यालाही लागू आहे. क्लेमच्या अर्जावर शेवटी काय बंद पडले एवढेच लिहू नका. सुरुवात कशाने झाली, किती वाजता, त्यानंतर काय काय झाले, ते क्रमाने आणि खरे लिहा.

फोनच्या बाबतीत वगळलेली सर्वांत मोठी बाब म्हणजे चोरी आणि हरवणे. पुष्कळ प्लॅनमध्ये ती नसतेच. जिथे असते तिथे शब्द असतात, "बळाचा वापर करून" किंवा "कुलूप तोडून". बाजारात खिशातून फोन गेला, जत्रेत गर्दीत गेला, यात बळ कुठे आले? 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरचंद राय चंदन लाल या पेढीच्या घरफोडी विम्याच्या खटल्यात हेच सांगितले. पॉलिसीत बळाचा किंवा हिंसेचा वापर झालेला असला पाहिजे असे लिहिले असेल, तर साध्या चोरीला पैसे मिळणार नाहीत. करारातले शब्द जसे आहेत तसेच वाचले जातील. तेव्हा "चोरी कव्हर" हा शब्द दुकानात ऐकून समाधान मानू नका. चोरी कशाला म्हटले आहे, ते कागदावर बोट ठेवून दाखवायला सांगा.

आता चौथी आणि शेवटची ओळ, प्रतीक्षा कालावधीची. आमच्या वाड्यावरच्या एका शेजाऱ्यांची हकीकत सांगते.

त्यांनी मुलासाठी चवथीच्या आधी, 10 सप्टेंबर 2023 ला फोन घेतला. प्लॅनही घेतला. कागदावर होते, "पहिले 15 दिवस क्लेम चालणार नाही." चवथ 19 तारखेला झाली. 26 तारखेला विसर्जनाच्या गडबडीत फोन खाली पडला. शेजाऱ्यांनी बोटांवर मोजले, 10 पासून 26 म्हणजे सोळा दिवस झाले, सुटलो. क्लेम घातला. नामंजूर. का? कारण पंधरा दिवस बिलाच्या तारखेपासून धरायचे नव्हते. प्लॅन चालू झाल्याच्या तारखेपासून धरायचे होते. आणि दुकानदाराने सणाच्या गर्दीत प्लॅनची नोंद केली होती 14 तारखेला. त्या हिशेबाने संरक्षण चालू होणार होते 29 ला. तीन दिवसांनी चुकले.

दुकानदाराने चार दिवस उशीर केला हे शेजाऱ्यांना कळले कधी? फोन फुटल्यावर. ते आधी कळण्याची सोय होती. प्लॅन चालू झाला की फोनवर मेसेज येतो किंवा मेल येते. त्यात तारीख असते. तो मेसेज बिल केल्यानंतर दुकानात उभे असतानाच आला पाहिजे. आला नाही तर पैसे दिल्याशिवाय हलू नका असे मी म्हणत नाही, पैसे दिले असले तरी हलू नका असे म्हणते. मेसेजमधला आयएमईआय नंबर आणि बिलावरचा नंबर एकच आहे का तेही पाहा. फोनवर `*#06#` दाबले की खरा नंबर दिसतो. एका आकड्याची चूक असली तरी क्लेमच्या वेळी तुमचा फोन तुमचा राहत नाही.

प्रतीक्षा कालावधी ठेवतात त्याला कारण आहे, हेही न्यायाने सांगायला हवे. नाही तर लोक आधी फोन फोडतील आणि मग प्लॅन घेतील. त्यामुळे जुन्या फोनवर प्लॅन घेताना हा काळ जास्त असतो, फोनची तपासणीही होते. नव्या फोनवर, बिलाबरोबरच घेतलेल्या प्लॅनला तो कमी असावा किंवा नसावा, असे आपण मागू शकतो. आणि वाढीव वॉरंटीला तर प्रतीक्षा एक वर्षाचीच असते, फक्त तिला तसे म्हणत नाहीत. आज पैसे भरायचे, आणि संरक्षण चालू होणार कंपनीची पहिली वॉरंटी संपल्यावर. म्हणजे आपले पैसे वर्षभर त्यांच्याकडे पडून राहतात.

पैशाचा विषय निघाला म्हणून बँकेतली एक गोष्ट. फोन हप्त्यावर घेतला की प्लॅनची किंमत पुष्कळदा कर्जातच मिसळतात. आपल्याला वाटते हप्ता फोनचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा किरकोळ कर्जाबरोबर एक मुख्य माहितीपत्रक द्यावे लागते. त्यात विम्यासारखी तिसऱ्यासाठी वसूल केलेली रक्कमही दाखवावी लागते. ते पत्रक मागा आणि त्यात प्लॅनची ओळ शोधा. ऑनलाइन खरेदीत तर प्लॅनच्या चौकोनात आधीच टिक मारून ठेवण्याची खोड होती. 30 नोव्हेंबर 2023 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी ग्राहकाच्या संमतीशिवाय टोपलीत वस्तू घालण्याला मनाई केली आहे. तरीही पैसे भरण्यापूर्वी एकूण रकमेवर नजर टाकायची सवय ठेवा.

आता कोणी विचारील, क्लेम नाकारला तर दाद कुठे मागायची? यासाठी आधी ओळखा की तुमच्या हातातला कागद विमा आहे की नुसता सेवा-करार. कागदावर विमा कंपनीचे नाव आणि विमा नियामकाकडील नोंदणी क्रमांक असेल, तर तो विमा. नसेल आणि फक्त उत्पादकाचे किंवा एखाद्या सेवा कंपनीचे नाव असेल, तर तो करार. दुकानदार दोघांनाही "इन्शुरन्स" म्हणतो.

विमा असेल तर प्रथम त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. नियामकाच्या बिमा भरोसा या सोयीवर नोंद करा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. गोव्यासाठी ते कार्यालय मुंबईला आहे, फी लागत नाही. सेवा-करार असेल तर लोकपाल नाही. तेव्हा 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, आणि त्याने न भागल्यास पर्वरीला उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. वकील हवाच असे नाही.

आणि तिथे गेल्यावर काय म्हणायचे? नोव्हेंबर 2022 मध्ये टेक्स्को मार्केटिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. दुकान तळघरात होते. विमा कंपनीने पाहणी करून हप्ता घेतला होता. आणि आग लागल्यावर तिने अट दाखवली की, तळघर वगळले आहे. न्यायालय म्हणाले, वगळण्याची अट ग्राहकाला आधी सांगणे हे कंपनीचे कर्तव्य आहे, आणि जी अट विम्याचा मूळ हेतूच मारून टाकते ती टिकणार नाही. विमा घेणाऱ्याच्या बाजूने निकाल लागला. तेव्हा तक्रारीत पहिला प्रश्न हाच असावा, "ही अट मला पैसे घेण्यापूर्वी कोणत्या कागदावर दाखवली होती?"

इथेच आपल्या मंडळाचे काम येते. आपण रस्त्याचे, पाण्याचे, शाळेचे ठराव करतो. हाही एक ठराव करावा अशी माझी सूचना आहे. पेडणे, डिचोली आणि म्हापशाच्या दुकानदारांनी प्लॅन विकताना एक पानी कागद द्यावा. त्यावर चारच ओळी असाव्यात. क्लेम किती, शुल्क किती, काय वगळले आणि कोणत्या तारखेपासून. तो कागद आपल्याला वाचता येईल अशा भाषेत असावा आणि पैसे देण्यापूर्वी हातात पडावा. हा ठराव राज्याच्या ग्राहक व्यवहार खात्याकडे आणि दुकानदारांच्या संघटनांकडे पाठवावा. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे जे कर्तव्य सांगितले आहे, तेच आपण मागत आहोत. त्यापेक्षा जास्त काही नाही.

तोवर तो कागद आपणच करू. मी माझ्या घरी केला आहे. वहीचे एक पान, प्रत्येक वस्तूला एक ओळ. बिलाची तारीख, प्लॅन चालू झाल्याची तारीख, शिल्लक क्लेम, शुल्क. वही देवघराशेजारच्या कोनाड्यात, सासूबाईंच्या फोनखाली ठेवली आहे. मुलीच्या नव्या फोनसमोर सध्या लिहिले आहे, "शिल्लक क्लेम 2". मागच्या महिन्यात तिने कॅमेऱ्याच्या काचेला चरा पाडला. दुरुस्ती 900 रुपये. मी ते मुकाट्याने भरले.